पहिला पगार, आजीची म्हण आणि महिन्याचे पाच टक्के

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यातला, वय २३. जळगावच्या एमआयडीसीत पहिली नोकरी लागली आहे, पॅकेज २ लाख ६१ हजार. आजी म्हणते, थेंबे थेंबे तळे साचे. मामा म्हणतो, खाल्लं-प्यालं तेच आपलं. रूमवरचा मित्र म्हणतो, म्हणी ऐकून आजवर कोणी श्रीमंत झालं नाही. त्याने एका ग्रुपमध्ये ५० हजार लावलेत, महिन्याला पाच टक्के मिळतात, चार महिने वेळेवर मिळालेत. मलाही लाव म्हणतो. कोणाचं ऐकू?

उत्तर :

भाऊ, तुझ्या मित्राचं एक वाक्य खरं आहे. म्हणी ऐकून कोणी श्रीमंत होत नाही. म्हणी त्यासाठी झालेल्याच नाहीत. त्या झाल्या माणूस बुडू नये म्हणून. मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बहुतेक खानदेशातल्याच शाखांत, कॅशियरच्या खिडकीपासून मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत. माझ्यासमोर जी माणसं बुडाली त्यांना म्हणी पाठ होत्या. कोणती म्हण कधी लावायची, तिथे त्यांची चूक झाली.

आपल्याकडच्या पैशाच्या म्हणी बहुतेक शेतकऱ्याच्या घरातल्या आहेत, आणि त्या घरात पैसा वर्षातून एकदा येतो. कापूस विकला की आला, केळीचा बाग उतरला की आला. माझे वडील अमळनेर तालुक्यात सालदार होते. सालदाराचं वर्ष आखाजी ते आखाजी, म्हणजे एका अक्षय्य तृतीयेपासून पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत. आखाजीला साल ठरायचं, आणि ठरतानाच वडील मालकाकडून उचल घ्यायचे, कारण मागच्या वर्षाचं काही शिल्लक नसायचं. मग वर्षभर राबायचं ते आधीच खाल्लेल्या पैशासाठी. पुढची आखाजी आली की पुन्हा उचल. ते चिडून कधीकधी म्हणायचे, "पैसा उना नि पैसा गया, घरमा काय ऱ्हायनं?" ही म्हण नाही, त्यांचा स्वतःचा प्रश्न होता. पण मला सगळ्या म्हणींपेक्षा तोच जास्त उपयोगी पडला.

तुझा पैसा वर्षातून बारा वेळा येणार. त्यामुळे काही म्हणी तुला जशाच्या तशा लागू पडतील, काही थोड्या वाकवाव्या लागतील, आणि एक तर मी तुला सोडायलाच सांगणार आहे.

सुरुवात अंथरुणापासून करू. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे सगळे सांगतात. अंथरूण मोजायचं कसं, हे कोणी सांगत नाही. तू पॅकेजला बाराने भागलं असशील आणि २१ हजार ७५० आले असतील. ते तुझं अंथरूण नाही. पगाराची स्लिप हातात घे. तुझी स्लिप मी पाहिलेली नाही, पण या पॅकेजच्या स्लिपा साधारण अशा असतात : मूळ पगार १२,०००, घरभाडे भत्ता ५,०००, इतर भत्ता २,०००, एकूण १९,०००. त्यातून पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के, म्हणजे १,४४० जातात. एकूण पगार २१ हजारांच्या आत असल्याने ईएसआयसीचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, पाऊण टक्का, १४३ जातात. व्यवसाय कर २०० जातो, फेब्रुवारीत ३००. हातात राहतात १७,२१७. पॅकेजमधला बाकीचा पैसा म्हणजे कंपनीने भरायचा पीएफ, कंपनीचं ईएसआयसी आणि ग्रॅच्युइटीची तरतूद. तो पैसा खोटा नाही, पण त्यावर या महिन्याचं रूमभाडं देता येत नाही. २१,७५० आणि १७,२१७ यांत साडेचार हजारांचा फरक आहे. पहिल्या सहा महिन्यांत पोरं अडकतात ती याच साडेचार हजारांत, कारण गाडीचा हप्ता त्यांनी पॅकेज बघून ठरवलेला असतो.

पीएफ कापला जातो म्हणून कुरकुर करू नकोस. तुझे १,४४० आणि कंपनीच्या वाट्यातले ४४० असे १,८८० रुपये दर महिन्याला तुझ्या पीएफ खात्यात पडतात. कंपनीच्या वाट्यातले बाकीचे हजारभर पेन्शनच्या खात्यात जातात. २०२४-२५ साली पीएफला ८.२५ टक्के व्याज होतं. आजी म्हणते त्या तळ्यात तू काही न करता एक थेंब पडायला लागलेला आहे. नोकरी बदललीस तर तो काढून खाऊ नकोस, यूएएन, म्हणजे तुझा कायमचा पीएफ नंबर, तोच ठेवून नव्या कंपनीत वळवून घे.

आता थेंबे थेंबे तळे साचे. तळं साठवायचं तर थेंब आधी, की उरेल ते? शेतकऱ्याच्या घरात उरेल तेच साठतं, कारण खर्च वर्षभर पसरलेला आणि पैसा एकदाच. पगारदाराला उलटं करता येतं. पगार ७ तारखेला होत असेल तर ८ तारखेला आरडीचा हप्ता आपोआप कटेल असं बँकेला सांगून ठेव. २५ तारखेला जे उरेल ते टाकीन म्हणणाऱ्यांची पासबुकं मी पाहिलेली आहेत. २५ तारखेला काही उरत नाही.

किती टाकायचे? इथे आधी पोटोबा मग विठोबा ही म्हण खरी मानायची. समज, तिघांत रूम आहे, तुझा वाटा २,५००. खानावळ ३,०००. जाणं-येणं ९००, मोबाइल ३५०, घरी पाठवायचे ४,०००. झाले १०,७५०. हा तुझा पोटोबा, याला हात लावायचा नाही. उरतात ६,४६७. त्यातले २,५०० आरडीला टाक. ५०० आखाजीसाठी वेगळे, त्यावर पुढे बोलतो. राहिलेले ३,४६७ तुझे : कपडे, दवापाणी, चहा, सिनेमा. त्याचा हिशेब मला देऊ नकोस आणि आजीलाही देऊ नकोस.

जोशात येऊन पाच हजारांची आरडी काढू नकोस. पहिल्या पगाराचा उत्साह फार वाईट असतो. पाच हजारांची आरडी काढणारा तिसऱ्या महिन्याच्या वीस तारखेला मित्राकडून उसने घेतो आणि पाचव्या महिन्यात आरडी मोडायला खिडकीपाशी उभा असतो. एकदा मोडली की तो पुन्हा काढत नाही, ‘आपल्याला जमत नाही’ असं त्याच्या मनात बसतं. हप्ता जड झालाय हे ओळखायची खूण सोपी आहे : महिन्याच्या वीस तारखेच्या आत तू कोणाकडे दोनशे रुपये मागितलेस तर थेंब मोठा आहे. पाचशेने कमी कर, पण बंद करू नकोस.

आता मित्राच्या टक्क्यांकडे येण्याआधी एक साधा हिशेब बघ, कारण सगळी फसगत इथून सुरू होते. महिना २,५०० असे बारा महिने टाकलेस तर तुझे ३०,००० होतात. साडेसहा टक्क्यांनी व्याज सुमारे १,०५०. समजा कोणी तुला बारा टक्के दिले, जवळजवळ दुप्पट, तर व्याज सुमारे १,९५०. फरक ९०० रुपयांचा, महिन्याला ७५. म्हणजे एका चांगल्या शेवभाजीच्या ताटाहूनही कमी. त्याऐवजी थेंब दोनशेने वाढवलास तर वर्षाला २,४०० जास्त साठतात. जेव्हा तळं रिकामं असतं तेव्हा टक्का मोठा असून उपयोग नसतो, कशावर तो टक्का लागणार? टक्क्याला महत्त्व येतं ते पंधरा-वीस वर्षांनी, तळं भरल्यावर. आणि टक्क्याचं वेड मात्र माणसाला पहिल्या वर्षीच लागतं, कारण टक्का सांगायला झगमगीत वाटतो. ‘मी महिन्याला दोनशे जास्त टाकतो’ हे कोण स्टेटसला ठेवणार?

या हिशेबाने वर्षाअखेर ३१ हजारांच्या आसपास जमतील. तुझा तीन महिन्यांचा पोटोबा ३२ हजारांचा आहे. म्हणजे उद्या नोकरी गेली, किंवा घरी कोणाला दवाखान्यात न्यावं लागलं, तर तीन महिने तुला कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. पहिल्या वर्षाचं तळं एवढंच. त्यानंतरचा थेंब लांब ठेवता येईल. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, ऑक्टोबर २०२३ पासून तिला ६.७ टक्के लागू झाले, आणि त्या दराने महिना हजार टाकले तर साठ हजारांचे ७१,३६६ होतात. पण पहिल्या वर्षी पैसा पाच वर्षं बांधू नकोस, बँकेची एक वर्षाची बरी.

पैसा कुठे ठेवतोस तेही बघ. बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, एका माणसाच्या ठेवी मुद्दल-व्याज मिळून पाच लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित असतात. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा पाच लाख आहे. पतसंस्थेला हा विमा नाही. आपल्या भागात पतसंस्थेचा एजंट घरी येऊन रोजची पिग्मी नेतो, तो ओळखीचा असतो, भावकीतलाही असतो. त्याच्या ओळखीमुळे विमा लागू होत नाही, एवढं लक्षात ठेव.

असतील शितं तर जमतील भुतं, ही म्हण तुला येत्या महिन्यात समजेल. कोणी पॉलिसी घेऊन येईल, कोणी उसने मागेल. पॉलिसीवाल्या काकांना सांग, वर्षभराने या.

आता उचलीकडे. माझ्या वडिलांची उचल मालकाकडे होती, तुझी मोबाइलमध्ये आणि गाडीच्या शोरूममध्ये आहे. नाव बदललं, रीत तीच : आधी खा, मग राब. मी गाडी घेऊ नको म्हणत नाही. एमआयडीसीत पाळी रात्री अकराला सुटत असेल तर गाडी लागतेच. पण शोरूममध्ये तुला सांगतील, ‘फक्त अकरा टक्के’. विचार, अकरा टक्के फ्लॅट की घटत्या शिलकीवर? ८५,००० चं कर्ज, तीन वर्षं, फ्लॅट अकरा टक्के : व्याज २८,०५०, एकूण १,१३,०५०, हप्ता ३,१४०. फ्लॅट म्हणजे तू निम्मं कर्ज फेडलंस तरी व्याज मूळ ८५ हजारांवरच धरलेलं असतं. हाच हप्ता बँकेच्या पद्धतीने, म्हणजे उरलेल्या रकमेवर मोजला तर दर साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास पडतो. शोरूमवाला खोटं बोलला नाही, त्याने अर्धंच सांगितलं. आता तुझ्याकडचे ३,४६७ आठव. ३,१४० हप्त्यात गेले तर हातात ३२७ राहतात, आणि पेट्रोलचा खर्च वेगळाच. मग आरडी मोडते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच, आणि मोती दिसायला सुंदर असतो म्हणून कोणी वजन विचारत नाही. थोडी जुनी गाडी घे, किंवा सहा महिने थांब आणि डाउन पेमेंट वाढव. कर्ज काढायचंच असेल तर आधी स्वतःच्या पगाराच्या बँकेत दर विचार, आणि ‘घटत्या शिलकीवर किती’ हेच शब्द वापर.

गुजराती दुकानदार म्हणतात, व्याजाला घोडा गाठू शकत नाही. मोबाइलवर पाच मिनिटांत पैसे देणारी अ‍ॅप बघताना ही आठव. सात दिवसांसाठी पाच हजार मागितले, आणि फी कापून हातात साडेतीन हजारच पडले, तर सात दिवसांत दीड हजार व्याज झालं. फोनमधल्या नंबरांची परवानगी मागणारं अ‍ॅप असेल तर ते नंतर तुझ्या मामाला आणि सुपरवायझरला फोन करणार. तिथे बोलायला काही नाही, काढून टाक.

आता महिन्याचे पाच टक्के.

तुझ्या मित्राने ५० हजार टाकले, महिन्याला २,५०० असे चार महिने, १०,००० मिळाले. तो खूश आहे. आता मला सांग, त्याच्या ५० हजारांपैकी ४० हजार अजून कोणाकडे आहेत? महिना पाच टक्के या हिशेबाने पहिले वीस महिने माणसाला त्याचाच पैसा परत मिळत असतो. एकविसाव्या महिन्यापासून खरा नफा सुरू होईल, आणि माझ्या पाहण्यातली एकही अशी स्कीम एकविसाव्या महिन्यापर्यंत टिकली नाही. वेळेवर मिळालेले चार हप्ते हा धंदा खरा असल्याचा पुरावा नाही. पहिले हप्ते वेळेवर द्यावेच लागतात, नाहीतर तुझा मित्र तुला कसं घेऊन येणार? तुला आणल्यावर त्याला काय मिळतं, हे त्याला विचार. तो फसवतोय असं मला म्हणायचं नाही. त्याला बहुधा मनापासून वाटतंय. अशा स्कीमचा सगळ्यात चांगला एजंट तोच, ज्याला मनापासून वाटतं.

महिना पाच टक्के आणि व्याज त्यातच ठेवलं तर वर्षाला ऐंशी टक्के होतात. ज्याला धंद्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त सुटतात, तो तुझ्याकडे ५० हजार मागायला का येईल? बँक त्याला बारा-चौदा टक्क्यांनी देईल की.

एक प्रसंग सांगतो. तालुक्याच्या गावी मी शाखेत मॅनेजर होतो. एका आठवड्यात अकरा जणांनी आरडी मोडल्या. दिवाळी नाही, पेरणी नाही, शाळा उघडायची वेळ नाही. आमच्या धंद्यात ही वाईट खूण असते. विचारलं तर सगळे एकच सांगत होते, ‘घरी काम निघालं’. त्यांत एक नुकताच नोकरीला लागलेला मुलगा होता. त्याने जमवलेले साठ हजार काढले, आणि आईची पोत गहाण ठेवून १ लाख ४० हजारांचं सोनेतारण कर्जही आमच्याकडूनच घेतलं. दोन लाख एका माणसाकडे गेले, महिना पाच टक्के. सात महिने दहा-दहा हजार आले. ते त्याने उत्पन्न समजून खर्च केले, नवा फोन घेतला, दोस्तांना जेवण दिलं. आठव्या महिन्यात त्या माणसाच्या ऑफिसला कुलूप. दोन लाखांतले सत्तर हजार खाऊन संपलेले, एक लाख तीस हजार गेले, पोत बँकेत, आणि तिच्यावर व्याज चालू. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

त्या दिवशी मी त्याला एवढंच विचारलं होतं, ‘नक्की ना?’ पैसे त्याचे होते, कागद पूर्ण होते, सोनं खरं होतं. मला जास्त विचारता आलं असतं. निवृत्त झाल्यावरही ते डोक्यातून जात नाही, म्हणून तुझ्यासाठी एवढं लांबण लावतोय.

त्या मुलाकडे कागद होता. स्टॅम्प पेपरवर लिहिलेलं, नोटरी केलेलं, आणि पुढच्या तारखेचा चेकसुद्धा. नोटरी सही खरी आहे का ते बघतो, धंदा खरा आहे का ते बघत नाही. आणि रिकाम्या खात्याचा चेक म्हणजे कोर्टाची पायरी. विचारायचं ते दुसरंच : लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी तुम्हाला कोणी दिली? २०१९ सालापासून अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आहे, त्याच्याही आधीपासून, १९९९ पासून, महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा आहे. रिझर्व्ह बँकेच्या sachet.rbi.org.in या साइटवर संस्थेचं नाव टाकून बघता येतं, तिथेच तक्रारही करता येते. शेअर बाजाराचं नाव सांगत असतील तर सेबीच्या साइटवर नोंदणी क्रमांक शोध. आणि सापडला तरी थांबू नकोस : सेबीकडे नोंदलेला सल्लागार ठरावीक परताव्याची हमी देऊ शकत नाही. ज्याने हमी दिली, त्याचा क्रमांक चोरलेला आहे किंवा तो स्वतः नियम मोडतोय.

तू म्हणशील, ग्रुपमधले ‘ऑप्शन’ करतात, खरे ट्रेड दाखवतात. तर सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये मांडलेला अभ्यास बघ. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य माणसांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, आणि तो सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास होता. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा मिळवणारे अवघे एक टक्का. आपल्याकडे गाजराची पुंगी म्हणतात, वाजली तर वाजली नाहीतर मोडून खाल्ली. पण ही म्हण गाजर स्वतःचं आणि एकच असेल तेव्हाची आहे. तुझ्या ३,४६७ मधले पाचशे तू कशात घालवलेस तर मी काही बोलणार नाही. पोटोबाचे किंवा तळ्याचे पैसे पुंगीला लावलेस तर मोडून खायला गाजरच राहत नाही.

मित्राला काय सांगायचं? भांडू नकोस. त्याला म्हण, ‘पुढचा हप्ता नको, मुद्दल परत माग, पूर्ण ४० नाही तर २५ हजार तरी.’ खरा धंदा असेल तर मुदतीच्या आत काही कापून का होईना पैसे परत येतील. ‘आत्ता काढलेस तर फार नुकसान होईल’, ‘आणखी एक सभासद आण, मग काढता येतील’, ‘आधी कर भर, मग काढ’ असं काही उत्तर आलं, तर त्याला आणि तुला कळलं. हे तो महिन्याभरात करू शकतो, आणि तुझा एक रुपयाही खर्च होत नाही.

आता ती म्हण, जी मी तुला सोडायला सांगणार होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. पगार किती, हे गावभर सांगू नये, इथवर ती बरोबर आहे. पण फसल्यावर माणसं हीच म्हण धरून बसतात. त्या मुलाने घरी तीन महिने सांगितलं नाही. आईला पोत लग्नाला घालायची होती तेव्हा कळलं. तेवढ्या वेळात त्या माणसाने राहतं घर विकून टाकलं होतं. ऑनलाइन फसवणुकीत तर तासांचा हिशेब असतो. १९३० या नंबरवर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. लाज वाटून दोन दिवस गेले की पैसा पाच खाती फिरून निघून जातो. तेव्हा तुझं किंवा मित्राचं काही झालं तर मूठ त्याच दिवशी उघड.

मामाचं राहिलं. खाल्लं-प्यालं तेच आपलं, हे मामाच्या पिढीने एका पावसाळ्यात पीक गेल्यावर शिकलेलं आहे, म्हणून त्याला हसू नकोस. सण करायचा, पण ऋण काढून नाही. खानदेशात आखाजीला बहिणीला आणायला मुराळी जावं लागतं, तिला साडी लागते, भाच्याला कपडे लागतात. श्रावणात कानबाईचे रोट असतात, त्यांना भाऊबंद जमतात. हा खर्च टळत नाही आणि टाळूही नये. तो दरवर्षी येतो हे माहीत असून दरवर्षी अचानक आल्यासारखा येतो, एवढीच त्याची अडचण. मघाशी ५०० वेगळे काढायला सांगितले ते यासाठी. वर्षाचे सहा हजार होतात. आखाजीला बहिणीच्या दारात जाताना कोणाकडून उचल घ्यायची गरज पडणार नाही. माझ्या वडिलांना ते कधी जमलं नाही, त्यांच्याकडे बारा पगार नव्हते.

आणि पहिल्या पगाराचा पहिला महिना या हिशेबात धरू नकोस. आरडी दुसऱ्या महिन्यापासून सुरू कर. या महिन्यात रूमभाडं आणि घरचे ४,००० दे, मग फुले मार्केटला जाऊन आजीसाठी लुगडं घे. मामाला शेवभाजी खाऊ घाल, बिल तूच दे. परत आल्यावर बँकेत जा, आरडीचा फॉर्म आण, आणि हप्त्याच्या तारखेच्या रकान्यात पगाराच्या दुसऱ्या दिवसाची तारीख लिही.